श्वासाचा आलेख: अडथळा की आकसलेलं फुप्फुस?

स्पायरोमेट्रीचा, म्हणजे जोरात फुंकण्याच्या चाचणीचा अहवाल हातात आला की बहुतेकांची नजर आधी आकड्यांच्या तक्त्यावर जाते आणि मग तळाशी यंत्राने छापलेल्या एका ओळीवर थांबते. ‘मॉडरेट ऑब्स्ट्रक्शन’ किंवा ‘मॉडरेट रेस्ट्रिक्शन’ अशी ती ओळ असते. त्याच पानावर एक आकृतीही असते. वर टोकदार, खाली वाटोळी, एका बाजूने सुरू होऊन फिरून परत तिथेच मिळणारी. तिच्याकडे फारसं कुणी पाहत नाही.

खरं तर वाचन तिच्यापासून सुरू करायला हवं. तळाची ओळ यंत्र आकड्यांवरून लिहितं. ते आकडे विश्वास ठेवण्याजोगे आहेत की नाहीत, हे मात्र आकृती सांगते. फुंकर अर्धवट राहिली असेल, तर दम्याचा किंवा सीओपीडीचा रुग्ण कागदावर ‘फुप्फुस आकसलेला’ रुग्ण ठरू शकतो. त्या दोन आजारांची कारणं वेगळी, पुढच्या तपासण्या वेगळ्या आणि औषधंही वेगळी.

आकृतीत काय काढलेलं असतं

या आकृतीला फ्लो-व्हॉल्यूम लूप म्हणतात. आडव्या रेषेवर हवेचं आकारमान लिटरमध्ये असतं, म्हणजे आतापर्यंत किती हवा बाहेर आली ते. उभ्या रेषेवर हवेचा वेग असतो, म्हणजे त्या क्षणी दर सेकंदाला किती लिटर हवा बाहेर पडते आहे ते. आडव्या रेषेच्या वरचा भाग उच्छ्वासाचा, खालचा भाग श्वास आत घेण्याचा.

चाचणी देणारा माणूस नाकाला चिमटा लावून छाती पूर्ण भरेपर्यंत श्वास घेतो. आकृतीची सुरुवात या भरलेल्या छातीपासून, डावीकडच्या टोकापासून होते. मग तो पूर्ण जोर लावून एकदम फुंकतो. रेषा जवळजवळ सरळ वर चढते आणि सेकंदाच्या पहिल्या एक-दोन दशांशातच शिखर गाठते. तिथून ती उजवीकडे उतरत जाते. निरोगी प्रौढाच्या आकृतीत ही उतरण बरीचशी सरळ असते आणि हवा संपता संपता ती हळुवारपणे आडव्या रेषेला टेकते. डावीकडून उजवीकडे जेवढी रुंदी भरते तेवढी बाहेर आलेली एकूण हवा. अहवालात ती FVC, म्हणजे एफव्हीसी, या नावाने छापलेली असते. त्यानंतर माणूस पुन्हा जोरात श्वास आत ओढतो आणि खालचा अर्धगोल पुरा होतो.

या आकृतीत वेळ दिसत नाही, ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी. पहिल्या एका सेकंदात किती हवा बाहेर आली, हा आकडा म्हणजे FEV1, एफईव्ही-१. तो शेजारच्या दुसऱ्या आलेखावर, वेळ आणि आकारमान यांच्या आलेखावर वाचता येतो. एफईव्ही-१ला एफव्हीसीने भागलं की जे गुणोत्तर येतं, त्यावर सगळा निवाडा उभा असतो. निरोगी माणूस पहिल्या सेकंदात साधारण तीन चतुर्थांश किंवा त्याहून जास्त हवा बाहेर टाकतो, म्हणजे गुणोत्तर 0.75 ते 0.80च्या आसपास असतं. तरुणांत ते याहून थोडं जास्त असतं आणि वयाबरोबर उतरतं.

उतरण का खोलगट होते

आकृतीचा सर्वांत बोलका भाग शिखरानंतरच्या उतरणीचा. शिखर किती उंच जाईल हे बरंचसं माणसाच्या जोरावर ठरतं. उतरणीचं मात्र तसं नाही. 1958मध्ये हयात, शिल्डर आणि फ्राय या अमेरिकन संशोधकांनी दाखवून दिलं की फुप्फुस जसं रिकामं होत जातं, तसा प्रत्येक टप्प्यावर हवेच्या वेगाला एक कमाल मर्यादा येते आणि त्यापलीकडे कितीही जोर लावला तरी वेग वाढत नाही. कारण छातीचा तोच जोर हवेच्या नळ्यांनाही बाहेरून दाबत असतो. म्हणून उतरणीचा आकार रुग्णाच्या ताकदीपेक्षा त्याच्या फुप्फुसाबद्दल जास्त सांगतो.

लहान श्वासनलिकांना कुर्च्यांचा आधार नसतो. भोवतालच्या वायुकोशांच्या लवचीक भिंती त्यांना चारही बाजूंनी ओढून उघड्या ठेवतात, दोरांनी ताणून धरलेल्या मांडवासारख्या. छाती भरलेली असते तेव्हा हे दोर ताणलेले असतात आणि नळ्या पूर्ण उघड्या असतात. हवा जाऊ लागली की दोर सैलावतात, नळ्या अरुंद होतात आणि वेग कमी होतो. निरोगी फुप्फुसात हे सगळं क्रमाने, सावकाश होतं, म्हणून रेषा सरळ उतरते.

एम्फिझिमामध्ये वायुकोशांच्या भिंतीच नष्ट होतात, म्हणजे दोरच तुटतात. जोर लावताच नळ्या दबतात आणि शिखरानंतर वेग झपकन खाली येतो. पुढची हवा एका लांब, बुटक्या शेपटीसारखी रेंगाळत बाहेर पडते. दम्यात दोर शाबूत असतात, पण नळ्यांच्या भिंती सुजलेल्या, स्नायू आवळलेले आणि आत चिकट कफ असतो. परिणाम सारखाच होतो. उतरण सरळ न राहता मधे खचते, खोलगट होते. एफईव्ही-१ खाली येतो, एफव्हीसी निदान सुरुवातीच्या अवस्थेत तरी टिकून राहते, आणि त्यामुळे गुणोत्तर घसरतं. हा अडथळ्याचा, ऑब्स्ट्रक्टिव्ह नमुना.

ही खोलगट उतरण दम्याची की सीओपीडीची, हे केवळ आकारावरून सांगता येत नाही. त्यासाठी रुग्णाची हकीकत आणि श्वासनलिका रुंदावणारं औषध दिल्यानंतरची दुसरी फुंकर, दोन्ही लागतात.

अरुंद आणि उंच आकृती

फुप्फुसात तंतू वाढून ते कडक होतं तेव्हा उलट घडतं. अशा फुप्फुसात मुळात हवा कमी मावते, म्हणून आकृतीची रुंदी घटते. पण आधार देणारे दोर सैल नसतात, उलट जास्तच ताणलेले असतात. नळ्या शेवटपर्यंत उघड्या राहतात आणि असलेली हवा भराभर बाहेर येते. शिखर बऱ्यापैकी उंच राहतं, उतरण सरळ किंवा किंचित फुगीर होते, आणि सगळी आकृती दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखी दिसते. एफईव्ही-१ आणि एफव्हीसी दोन्ही जवळपास एकाच प्रमाणात घटतात, त्यामुळे गुणोत्तर टिकतं किंवा वाढतं. हा आकसण्याचा, रेस्ट्रिक्टिव्ह नमुना.

उदाहरण म्हणून 62 वर्षांचे, 168 सेंटिमीटर उंचीचे एक गृहस्थ घेऊ. वर्षानुवर्षं खिडकीलगत कबुतरांची घरटी, कोरडा खोकला, जिने चढताना धाप. त्यांच्याकडून साधारण 3.4 लिटर एफव्हीसीची अपेक्षा असताना ती 2.0 लिटर भरते. एफईव्ही-१ येतो 1.74 लिटर. गुणोत्तर 0.87. शिखर 6.5 लिटर प्रतिसेकंदापर्यंत जातं आणि चार सेकंदांतच हवा संपते. इथे शेवटाकडे नीट पाहायला हवं. फुंकर लवकर संपली असली तरी रेषा सरळ येऊन सहजपणे शून्याला टेकली आहे, मधेच तुटलेली नाही. म्हणजे हवा खरोखरच संपली आहे.

छाती बाहेरून जखडली असेल, पाठीचा कणा फार वाकलेला असेल, किंवा फुप्फुसाच्या आवरणात पाणी साचलं असेल, तरीही रुंदी घटते. श्वासाचे स्नायूच दुबळे असतील तर रुंदीबरोबर शिखरही बुटकं आणि बोथट होतं, कारण जोर लावणारंच कुणी उरत नाही.

एकच रुग्ण, दोन निदानं

आता जो घोळ सर्वांत जास्त होतो, तो एका उदाहरणातून पाहू. 58 वर्षांच्या एक बाई, उंची 150 सेंटिमीटर. विडी-सिगारेट कधी ओढलेली नाही, पण लग्न झाल्यापासून चुलीवर, लाकूड आणि गोवऱ्यांवर स्वयंपाक केलेला. दोन वर्षांपासून दम लागतो. त्यांच्या वयाच्या आणि उंचीच्या स्त्रीकडून एफव्हीसी साधारण 2.3 लिटर, एफईव्ही-१ साधारण 1.85 लिटर आणि गुणोत्तर 0.80च्या आसपास अपेक्षित धरू.

पहिला अहवाल असा: एफव्हीसी 1.50 लिटर, म्हणजे अपेक्षेच्या 65 टक्के. एफईव्ही-१ 1.20 लिटर, तोही 65 टक्के. गुणोत्तर 0.80. दोन्ही आकडे सारखेच घटलेले आणि गुणोत्तर उत्तम. यंत्राने तळाशी ‘रेस्ट्रिक्शन’ छापलं. तक्त्यावर विश्वास ठेवला, तर पुढची पायरी फुप्फुसाच्या सीटी स्कॅनची आणि तंतू वाढल्याच्या शंकेची.

आकृती मात्र तीन ठिकाणी हरकत घेते. पहिली हरकत रेषेच्या शेवटी. 1.50 लिटरच्या खुणेवर हवा अजून 0.3 लिटर प्रतिसेकंद या वेगाने येत असताना रेषा कड्यावरून कोसळावी तशी उभी खाली येते. हवा संपली असती तर रेषा हळूहळू टेकली असती. ती कोसळली, याचा अर्थ बाईंनी फुंकणं थांबवलं. दुसरी हरकत वेळेच्या आलेखावर. फुंकर दोन सेकंदही टिकलेली नाही आणि आलेखाची रेषा अजून वरच चढते आहे, सपाट झालेली नाही.

तिसरी हरकत सर्वांत महत्त्वाची, आणि ती पाहायला साधी पट्टी पुरते. शिखरापासून रेषा तुटली त्या बिंदूपर्यंत पट्टी ठेवा. शिखर आहे 3.4 लिटर प्रतिसेकंद. एक लिटर हवा बाहेर आली त्या जागी पट्टीची कड साधारण दीड लिटर प्रतिसेकंदावर येते. प्रत्यक्ष रेषा मात्र 0.6वर आहे. म्हणजे जेवढी आकृती काढली गेली तेवढ्यातही उतरण खोल खचलेली आहे. आकसलेल्या फुप्फुसाची उतरण अशी खचत नाही.

चाचणी पुन्हा घेतली. या वेळी तंत्रज्ञाने बाईंना आधी नीट समजावून सांगितलं आणि फुंकर चालू असताना ‘सोडा, सोडा, अजून सोडा, थांबू नका’ असं शेवटपर्यंत म्हणत राहिला. फुंकर नऊ सेकंद चालली. एफईव्ही-१ तोच, 1.20 लिटर. पहिल्या सेकंदात काहीच बदललं नव्हतं. पण एफव्हीसी आली 2.05 लिटर, अपेक्षेच्या 89 टक्के. गुणोत्तर 0.59. अर्धा लिटरहून जास्त हवा त्या मंद शेपटीत दडलेली होती. भागाकारातला खालचा आकडा खोटा असल्यामुळे उत्तर निरोगी दिसत होतं.

मग साल्ब्युटामॉलचे चार पफ देऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंकायला लावलं. एफईव्ही-१ 1.28 लिटर आणि एफव्हीसी 2.12 लिटर, गुणोत्तर 0.60. वाढ 80 मिलिलिटरची, अपेक्षित आकड्याच्या 4 टक्क्यांहून थोडी जास्त. 2022च्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार ही वाढ 10 टक्क्यांच्या वर गेली तर औषधाला लक्षणीय प्रतिसाद मानतात. इथे तो नाही. औषधानंतरही गुणोत्तर 0.70च्या खाली, धुराचा दीर्घ इतिहास आणि दम लागण्याची तक्रार, हे सगळं एकत्र ठेवलं की निदान सीओपीडीकडे जातं. तंतू वाढण्याच्या आजाराकडे नाही.

सिगारेट न ओढणाऱ्यांना सीओपीडी होतो, हे पुण्यातल्या डॉ. संदीप साळवी यांनी 2009मध्ये ‘लॅन्सेट’मधल्या लेखात ठळकपणे मांडलं होतं. चुलीचा धूर हे त्याचं एक मोठं कारण. अशा रुग्णाच्या बाबतीत ‘सिगारेट नाही, म्हणजे सीओपीडी नाही’ या समजाला अर्धवट फुंकरीच्या अहवालाची जोड मिळाली, की चूक पक्की होते.

उलट बाजूची फसगत

फुंकर शेवटी अपुरी राहते, तशी ती सुरुवातीलाही अपुरी राहू शकते. छाती पूर्ण न भरताच माणूस फुंकतो. मग निरोगी फुप्फुसाचीही आकृती अरुंद होते आणि गुणोत्तर चांगलं राहतं, म्हणजे अगदी आकसल्याचा आभास. हे ओळखण्यासाठी खालचा अर्धगोल उपयोगी पडतो. फुंकून झाल्यावर रुग्ण जेवढी हवा परत आत घेतो ती बाहेर टाकलेल्या हवेपेक्षा स्पष्टपणे जास्त असेल, तर आकृती सुरुवातीच्या बिंदूला मिळण्याऐवजी त्याच्या डावीकडे निघून जाते. याचा अर्थ पहिल्या श्वासाला छाती भरलीच नव्हती.

पहिल्या सेकंदात खोकला आला तर उतरणीवर दातेरी खाचा दिसतात. सुरुवात कचरत झाली तर शिखर गोलसर होऊन उजवीकडे सरकतं. म्हणूनच अमेरिकन थोरॅसिक सोसायटी आणि युरोपियन रेस्पिरेटरी सोसायटी यांच्या 2019च्या नियमांत किमान तीन स्वीकारार्ह फुंकरी मागितल्या आहेत आणि प्रौढांमध्ये सर्वांत मोठ्या दोन आकड्यांत 150 मिलिलिटरपेक्षा जास्त फरक नको असं म्हटलं आहे. तीनही आकृत्या एकमेकींवर ठेवल्या तर त्या जवळपास जुळायला हव्यात. वेगवेगळ्या दिशांना पसरलेल्या तीन आकृत्यांवरून कोणताही निवाडा करू नये.

स्पायरोमेट्री जे सांगू शकत नाही

फुंकर बिनचूक असली तरी एक मर्यादा उरते. पूर्ण उच्छ्वासानंतरही फुप्फुसात काही हवा शिल्लक राहतेच, आणि ती स्पायरोमीटरला कधीच दिसत नाही. अडथळा तीव्र असेल तर नळ्या लवकर मिटतात, आत अडकलेली हवा वाढते आणि तेवढी एफव्हीसी घटते. अशा रुग्णाचं फुप्फुस आकसलेलं नसतं, उलट फुगलेलं असतं. तरी कागदावर एफव्हीसी कमी दिसते.

म्हणून आकसण्याचं निदान एफव्हीसीवरून नक्की करत नाहीत. त्यासाठी फुप्फुसाची एकूण क्षमता, टीएलसी, मोजावी लागते. त्यासाठी रुग्णाला बंद काचेच्या पेटीत बसवून बॉडी प्लेथिस्मोग्राफी करतात किंवा हेलियम वायूची पद्धत वापरतात. कॅनडातल्या आरन आणि सहकाऱ्यांनी 1999मध्ये 1,831 रुग्णांची दोन्ही मोजमापं ताडून पाहिली. स्पायरोमेट्रीत एफव्हीसी कमी दिसलेल्यांपैकी टीएलसी खरोखर कमी निघालेले निम्म्याहून कमी होते. उलट एफव्हीसी सामान्य असेल तर आकसणं जवळजवळ नाकारता येतं, हेही त्याच अभ्यासात दिसलं. म्हणजे अडथळ्याबद्दल स्पायरोमेट्री ठामपणे बोलते, आकसण्याबद्दल ती फक्त शंका उपस्थित करते. वर उल्लेख केलेल्या गृहस्थांची टीएलसी 5.7 लिटर अपेक्षित असताना 3.4 लिटर आली, तेव्हाच त्यांच्या आकृतीचा अर्थ पक्का झाला.

अपेक्षित आकडेही डोळे झाकून घेण्यासारखे नसतात. ते वय, उंची आणि लिंग यांवरून सूत्राने काढले जातात, आणि ते सूत्र कोणत्या लोकसमूहाच्या मोजमापांवर बांधलं आहे यावर बरंच अवलंबून असतं. सरसकट युरोपीय सूत्र लावलं तर निरोगी भारतीय माणसाची एफव्हीसी कमी भासू शकते. मुंबईत डॉ. फारोख उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी निरोगी भारतीयांची मोजमापं 1987मध्ये प्रसिद्ध केली, ती याच गरजेपोटी. गुणोत्तराला आणि उतरणीच्या आकाराला या फरकाची झळ फार कमी बसते. आकृतीकडे आधी पाहण्याचं हे आणखी एक कारण.

वयस्कर निरोगी माणसाची उतरणही शेवटाकडे थोडी खचलेली असते, त्यामुळे किंचित खोलगटपणा म्हणजे आजार नव्हे. गुणोत्तर त्या वयाच्या किमान मर्यादेखाली आहे का, हे पाहूनच अडथळा म्हणायचा.

स्पायरोमेट्री करून घेतली असेल तर फक्त निष्कर्षाच्या ओळीवर समाधान मानू नका, आलेखांचं पान मागून घ्या आणि जपून ठेवा. उच्छ्वासाची रेषा शून्याला हळूच टेकली आहे की मधेच तुटली आहे, उतरण सरळ आहे की खचलेली, आणि तीनही फुंकरी एकमेकींशी जुळतात का, एवढं स्वतः पाहा. रेषा तुटलेली दिसली तर चाचणी पुन्हा करून द्या असं सांगायला संकोच करू नका. आणि अहवालावर ‘रेस्ट्रिक्शन’ लिहिलेलं असेल तर डॉक्टरांना एकच प्रश्न जरूर विचारा: टीएलसी मोजली का?